मासा बाजूला ठेवला की योना सुरू होतो

पवित्र शास्त्रातल्या योनाच्या पुस्तकात चार अध्याय आहेत, एकूण ४८ वचनं, आणि त्यात मासा येतो फक्त तीन वचनांत. गिळतो, पोटात योना प्रार्थना करतो, मग कोरड्या जमिनीवर ओकून टाकतो, संपलं. पण कुठल्याही संडे स्कूलच्या भिंतीवर बघा, व्हीबीएसच्या, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेच्या बॅनरवर बघा, मासाच मासा. आमच्या नगरच्या घरात तर माझ्या लहानपणापासून योना म्हणजे मासा आणि मासा म्हणजे योना, चौथ्या अध्यायात काय आहे हे मला लग्न होईपर्यंत कुणी नीट सांगितलं नव्हतं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्याकडे आता रविवारी संध्याकाळची घरची प्रार्थना तीन वयांच्या पोरांना घेऊन करावी लागते. जाऊबाईंचा थोरला पंधराचा, त्यांचाच धाकटा तीनचा (हो, मध्ये बारा वर्षांचं अंतर, त्यावर सगळ्यांचे विनोद करून झालेत) आणि माझी मधली आठ वर्षांची. आजी पवित्र शास्त्र वाचतात, मी धडा घेते, आणि धडा म्हणजे एकच असला पाहिजे असं घरात ठरलंय, कारण एका खोलीत तीन वेगळे धडे घ्यायला आमच्याकडे तेवढ्या खोल्याही नाहीत आणि तेवढी माणसंही नाहीत.

आता एकच धडा तीन वयांना म्हटलं की बहुतेक जण काय करतात, गोष्ट एक घेतात आणि विषय तीन. लहानांना मासा, मधल्यांना 'आईबाबांचं ऐकावं, नाहीतर योनासारखं होतं', आणि मोठ्यांना 'देवाचं पाचारण आलं तर पळू नका'. वरून दिसतं की सगळं घर योना शिकतंय, पण जेवायला बसल्यावर विचारलं की आज काय झालं, तर तिघांची उत्तरं एकमेकांशी बोलतच नाहीत. धाकटा माशाबद्दल, मधली शिक्षेबद्दल, थोरला काहीच नाही, कारण त्याला ते लेक्चर वाटलेलं असतं. हीच माझी परीक्षा आहे धडा जमला की नाही ओळखायची. ताटावर बसून तिघं एकाच गोष्टीवर भांडू शकले पाहिजेत. भांडण झालं तर धडा जमला.

म्हणून मी विषय गोष्टीच्या सुरुवातीतून न घेता शेवटातून घेते. योना पुस्तकाचा शेवट विचित्र आहे, ते पुस्तक प्रश्नावर संपतं आणि उत्तर लिहिलेलंच नाही. देवाने योनाला निनवे शहराला नाशाचा इशारा द्यायला पाठवलं, तो आधी पळाला, मग गेला, तिथल्या लोकांनी पश्चात्ताप केला आणि निनवे वाचलं, म्हणून योना चिडून शहराबाहेर जाऊन बसलाय, देवाने एका रात्रीत सावलीचं झाड उगवलं, योना खूष, दुसऱ्या दिवशी पहाटे किड्याने ते खाल्लं, वरून पूर्वेचा तापलेला वारा, योना परत चिडलेला. मग देव म्हणतो, ज्या झाडासाठी तू काही कष्ट केले नाहीस त्याचा तुला कळवळा, मग या एवढ्या मोठ्या निनवेचा मला कळवळा येऊ नये का, जिथे १,२०,००० हून जास्त माणसं आहेत ज्यांना उजवाडावा हात कळत नाही, आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत. संपलं पुस्तक. गुरंढोरं या शब्दावर संपतं हो, मला ते फार आवडतं.

तर विषय ठरला. ज्यांच्यावर आपण रुसलोय त्यांच्यावरही देवाची दया आहे. हे एक वाक्य मी वहीत वर लिहिते आणि मग जे काही तयार करेन ते या वाक्याखाली बसतं का बघते, नाही बसलं तर कितीही मजेदार असलं तरी काढते. मोठा पुठ्ठ्याचा मासा करायची आयडिया जाऊबाईंची होती, ती अशीच गेली. (त्या थोड्या नाराज झाल्या, पण पुठ्ठा दुसऱ्या कामाला आला.)

आता धाकट्यापासून, कारण तो साडेसातला झोपतो म्हणून त्याचा भाग पहिला घ्यावा लागतो, आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांच्या मुलाकडे पाच-सात मिनिटंच असतात, त्यानंतर तो सोफ्याखाली. त्या पाच मिनिटांत एक वाक्य, एक कृती, एक वस्तू, बास. पश्चात्ताप, संदेष्टा, आज्ञाभंग हे शब्द त्याच्यासाठी नाहीतच. मासा गिळतो हे मी त्याच्यासमोर रंगवून सांगत नाही, त्या वयाची काही मुलं खरंच घाबरतात, रात्री पांघरुणाखाली मासा आहे म्हणून रडतात. आणि मासा शिक्षा म्हणून आला असं तर मुळीच सांगायचं नाही, कारण गोष्टीतसुद्धा तो बुडणाऱ्या माणसाला वाचवायला आलाय, योना पोटातून जी प्रार्थना करतो ती आभाराची आहे, बघा वाचून दुसरा अध्याय.

मग धाकट्याला काय द्यायचं? शेवटचं वचन. ते जणू त्याच्यासाठीच लिहिलंय. मी विचारते, उजवा हात कुठला? तो दोन्ही हात वर करतो. डावा कुठला? परत दोन्ही. सगळे हसतात, तोही हसतो, आणि मग आजी म्हणतात, "देवबाप्पा म्हणाला, ज्यांना उजवा हात कळत नाही ना, ती माझी लाडकी आहेत." आमच्या घरी लहान मुलांशी बोलताना देवबाप्पाच म्हणतात, पाळकांनाही त्यात काही वावगं वाटलेलं नाही. मग कृती. निनवेच्या राजाने पश्चात्ताप म्हणून माणसांबरोबर जनावरांनाही गोणताट, म्हणजे पोत्याचं जाडंभरडं कापड, घालायला सांगितलं होतं, हे तिसऱ्या अध्यायात खरंच आहे, म्हणून घरातल्या जुन्या पोत्याचे छोटे तुकडे कापून ठेवलेत, ते तो त्याच्या खेळण्यातल्या गायीला, शेळीला, एका डायनासोरला गुंडाळतो, आणि प्रत्येक जनावराला गुंडाळताना म्हणायचं, "देव दयाळू आहे." दहा जनावरं म्हणजे दहा वेळा. या वयाला परत परत तेच हवं असतं, कंटाळा आपल्याला येतो, त्यांना नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, या पाच मिनिटांत मोठे दोघे बघे नसतात. थोरला योना होतो, तोंड फुगवून कोपऱ्यात बसतो (हे त्याला अभिनय न करता जमतं), आणि मधली चादर हलवून समुद्र करते. धाकट्याचा रोल असतो रुसलेल्या योनाकडे गाय घेऊन जायचं. त्याला वाटतं तो खेळतोय, थोरल्याला वाटतं तो मदत करतोय, पण थोरल्याच्या डोक्यात कोपऱ्यात बसलेला चिडका योना घुसलेला असतो आणि नंतर त्याच्याच भागात तो मला उपयोगी पडतो.

मधलीचा भाग वेगळ्या जातीचा. आठ वर्षं म्हणजे न्यायाचं वय, "हे फेअर नाहीये" हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकतो आपण. या मुलांना क्रम लागतो, नकाशा लागतो, आकडा लागतो. म्हणून नकाशा. याफो बंदर शोधायचं, आजच्या तेल अवीवला लागून असलेलं. निनवे कुठं, तर आजच्या इराकमधल्या मोसुलला, ईशान्येला, सरळ रेषेत साधारण नऊशे किलोमीटर, जमिनीवरून. आणि योना बसला कुठल्या जहाजात, तर तार्शीशच्या, उलट्या दिशेला, समुद्रावरून पश्चिमेला. तार्शीश नक्की कुठं यावर अभ्यासक भांडतात, बरेच जण स्पेनकडे बोट दाखवतात. मधलीने पेन्सिलने दोन बाण काढले आणि स्वतःच म्हणाली, "म्हणजे तो फक्त गेला नाही असं नाही, तो मुद्दाम लांबात लांब गेला." हे तिला मी सांगितलं असतं तर दोन मिनिटांत विसरली असती.

मग मी तिला थांबवते एका ठिकाणी, आणि ही जागा बहुतेक मुलांच्या पुस्तकांत गाळलेली असते. वादळात ते परदेशी खलाशी, जे दुसऱ्या देवांना मानणारे आहेत, ते योनाला लगेच फेकत नाहीत. तो स्वतःच म्हणतो मला टाका, तरी ते आधी जीव तोडून वल्ही मारतात, किनाऱ्याला लागायला बघतात. म्हणजे योना ज्यांना 'ते लोक' समजतो ते त्याला वाचवायला धडपडतायत, आणि हाच योना निनवेकरांना वाचवायला तयार नाही. हे दोन्ही शेजारी ठेवले की आठ वर्षांच्या मुलीचा न्यायाचा काटा बरोबर फिरतो, तिला कुणी उपदेश करावा लागत नाही.

आकड्याचं काम पण इथंच. १,२०,००० म्हणजे किती हे तिला कळेना, म्हणून क्रिकेट काढलं, वानखेडेवर साधारण तेहतीस हजार लोक मावतात, म्हणजे जवळपास पावणेचार वानखेडे भरतील एवढे लोक, आणि त्यातल्या एकालाही उजवाडावा कळत नाही. तिला इतकं हसू आलं की तिने ते चित्रच काढलं, सगळे स्टेडियममध्ये दोन्ही हात वर करून. मग तिचा प्रश्न आला जो यायलाच हवा होता, "पण निनवेवाले वाईट होते ना? मग त्यांना सोडलं का? सॉरी म्हटलं की झालं?" मी उत्तर दिलं नाही. मी म्हटलं, हाच योनाचा प्रश्न आहे, तू त्याच्या बाजूची की देवाच्या? ती म्हणाली, "योनाच्या." ठीक आहे. त्या वयात योनाच्या बाजूने असणं साहजिक आहे, शेवटी पुस्तकही योनाला गप्प बसवत नाही.

एक गोष्ट मधलीच्या भागातून मी काढते. चौथ्या अध्यायात योना म्हणतो मला जगण्यापेक्षा मरण बरं, आणि एकदा नाही, परत परत म्हणतो. आठ वर्षांच्या मुलीला मी एवढंच सांगते की तो खूप खूप रागावला होता. खोटं नाही ते, अर्धं आहे, आणि उरलेलं तिला पुढे वाचता येईल.

थोरल्यासाठी मात्र तेच वाक्य गाळायचं नाही. पंधराच्या मुलासमोर शास्त्रातला माणूस असं बोलतो हे लपवलं तर तो समजतो की इथं खरं काही बोलायचं नसतं. मी ते वाचू देते, आणि देव पुढे काय करतो ते बघायला लावते. देव त्याला झापत नाही, एवढंच विचारतो की तुझं हे रागावणं बरोबर आहे का, आणि पुढे सावलीसाठी झाड उगवतो. इथं एखादं पोर गप्प झालं, किंवा "त्यात काय, मलाही वाटतं कधीकधी" असं हसत हसत म्हणालं, तर धडा तिथंच मिटवायचा, वही बंद, आणि त्याच्याशी बोलायचं, मग त्या संध्याकाळी निनवेचं काय झालं याला काही महत्त्व नाही.

थोरल्याचा भाग नऊच्या पुढे होतो, चहा घेऊन, बाकीचे दोघे झोपल्यावर किंवा झोपल्याचं नाटक करत असताना. त्याला मी गोष्ट सांगतच नाही, ती त्याला पाठ आहे आणि पाठ असल्याचा कंटाळाही आहे. त्याला मी इतिहास देते. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात, १४व्या अध्यायात, योना आमित्तयाचा मुलगा, गथ-हेफेरचा, असा एका वचनात उल्लेख आहे, यराबाम राजाच्या काळातला, म्हणजे ख्रिस्तपूर्व आठवं शतक. गथ-हेफेर गालीलात, इस्राएलच्या उत्तरेच्या राज्यात. आणि निनवे हे अश्शूर साम्राज्याचं शहर. मग मी विचारते, उत्तरेच्या राज्याचं पुढे काय झालं? तो मोबाईलवर शोधतो. ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरने त्या राज्याची राजधानी शोमरोन पाडली, लोकांना उचलून नेलं, राज्य संपलं. तो दोन मिनिटं बघत बसला आणि म्हणाला, "काकू, म्हणजे योनाने ज्यांना वाचवलं त्यांनीच नंतर योनाच्या लोकांना संपवलं?"

हो. तिथंच पोचायचं होतं.

त्यानंतर मी त्याला लाखीशची चित्रं दाखवते. ख्रिस्तपूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने दक्षिणेच्या यहूदा राज्यातलं लाखीश शहर घेतलं आणि तो पराक्रम निनवेच्या आपल्या महालाच्या भिंतींवर दगडात कोरून घेतला, ते दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, नेटवर फोटो मिळतात. खांबावर खोचलेली माणसं आहेत, सोलली जाणारी आहेत, आणि बैलगाडीत बायकापोरं बसवून चाललेली कुटुंबं आहेत. हे धाकट्याला आणि मधलीला कधीच नाही दाखवायचं, आणि थोरल्यालाही आधी सांगून, बघायचं का विचारून. योनाच्या नंतरची आहेत ती, पण योनाचा राग कुठल्या प्रकारच्या लोकांवर होता हे त्याशिवाय कळत नाही, नाहीतर तो नुसता चिडका म्हातारा वाटतो.

मग थोरला चिडला, आणि बरोबर चिडला. "मग देवाने चूक केली ना. सोडायला नको होतं." इथं घाईघाईने देवाची वकिली करायची सवय आपल्या सगळ्यांना असते, आजींनाही आहे, मी त्यांना डोळ्याने खुणावलं. त्याऐवजी मी त्याला नहूम उघडायला लावलं, योनापासून दोनच पुस्तकं पुढे, तीन अध्यायांचं, सगळं निनवेच्या नाशाबद्दल, आणि निनवे खरंच ख्रिस्तपूर्व ६१२ मध्ये पडलं. म्हणजे ज्यांनी ही बारा छोटी पुस्तकं एकत्र ठेवली त्यांनी दया आणि न्याय दोन्ही ठेवले, एकाने दुसऱ्याला खोडलं नाही. थोरल्याचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही. पण तो पहिल्यांदा शास्त्राशी भांडत होता, माझ्याशी नाही, हा फरक मला कळतो.

माशाचा प्रश्न पण तो विचारतोच, खरंच घडलं का, माणूस तीन दिवस जगेल का. आमच्या घरातच यावर दोन मतं आहेत, आजींचं एक आणि माझ्या नवऱ्याचं दुसरं, आणि मी ते त्याला सरळ सांगते. फक्त एक करते, या प्रश्नाला दहा मिनिटांच्या वर देत नाही, कारण पोरांना (आणि मोठ्यांना) मासा हा निनवेपासून पळायचा सोपा रस्ता मिळतो.

आता तिघांना जोडणारी दोरी म्हणजे पाठांतराचं वचन. ते एकच असतं, योना ४:२, फक्त लांबी वेगळी. धाकट्याचं, देव दयाळू आहे. मधलीचं, देव दयाळू आहे आणि लगेच रागावत नाही. थोरल्याचं पूर्ण वचन, आणि पूर्ण वचनात गंमत ही आहे की योना हे स्तुती म्हणून म्हणतच नाहीये, तक्रार म्हणून म्हणतोय, तू असा आहेस हे मला ठाऊक होतं म्हणूनच मी पळालो! निर्गम ३४ मध्ये मोशेसमोर जे शब्द महिमा म्हणून आले तेच शब्द योना रागाने तोंडावर फेकतो. थोरल्याला हे कळलं तेव्हा त्याने धाकट्याचं 'देव दयाळू आहे' चिडलेल्या आवाजात म्हणून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी धाकटाही तसंच पाय आपटत म्हणायला लागला, डायनासोरला गुंडाळत. अर्थ त्याला कळला नाही, सूर मात्र बरोबर योनाचा.

कोकणातून मुंबईत आलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांच्या सिनेगॉगमध्ये योमकिपूरच्या दुपारी योनाचं पुस्तक पूर्ण वाचतात, जगभरचे यहूदी वाचतात तसंच, आख्खा दिवस उपास करून, क्षमा मागून झाल्यावर. हे मी थोरल्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे स्वतःला माफी मागायच्या दिवशी दुसऱ्याला मिळालेल्या माफीची गोष्ट." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय, पुढच्या वेळी माझं म्हणून वापरणार आहे.

तयारीला म्हणाल तर फार लागत नाही. शनिवारी रात्री मी चारही अध्याय एका बैठकीत वाचते, पंधरा मिनिटं पुरतात. नकाशा प्रिंट, पोत्याचे तुकडे, चादर. जड जातं ते गाळणं. प्रत्येक वेळी वाटतं मधलीला लाखीशही सांगावं, धाकट्याला वादळही करून दाखवावं, आणि मग धाकटा घाबरतो, मधली भरकटते, थोरला म्हणतो एवढं सगळं आधीच सांगितलंय. पुढच्या वर्षी मधली नऊची होईल तेव्हा तिला नहूमचं नाव सांगेन, एवढंच.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. शास्ते पुस्तकातला १९वा अध्याय मी कुठल्याच लहान वयाला कापून बसवायला जाणार नाही, काही भाग मोठ्यांनी मोठ्यांत वाचायचे असतात. आणि पौलाची पत्रं गोष्ट नसल्याने धाकट्याच्या हातात द्यायला काही सापडत नाही, रोमकरांसाठी डायनासोर कुठून आणायचा.

सध्या योसेफ चालू आहे. उत्पत्ती ३७ पासून ५० पर्यंत, लांबलचक, त्यामुळे रंगीत झग्याचा मोह टाळून परत शेवटातूनच सुरुवात केली, भाऊ पाया पडायला येतात तिथून. पोटीफरच्या बायकोचा भाग फक्त थोरल्याच्या चहाला. मधलीने आधीच जाहीर केलंय की ती भावांच्या बाजूने आहे, कारण बापाने लाड केले ही बापाची चूक, आणि आजी त्यावर अजून तिच्याशी बोलत नाहीयेत.